पूर ओसरला, लाइट आली, पण आरसीसीबी टिकत नाही (चिपळूण, पेठमाप)

पेठमापची_लेक · २९ जुलै २०२१, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. आमचं घर चिपळूणला पेठमापात आहे. तळमजला आणि वर दोन खोल्या. २२ तारखेला वाशिष्ठीचं पाणी तळमजल्यात पाच फुटांपर्यंत चढलं. आई-बाबा वर होते, सुखरूप आहेत. मी परवा ठाण्याहून पोचले. चिखल बराचसा काढून झालाय, आता प्रश्न लाइटचा आहे.

२००५ च्या पुरानंतर बाबांनी मीटर आणि मेन बोर्ड साडेसहा फुटांवर नेऊन बसवला होता, त्यामुळे ते दोन्ही कोरडे राहिले. खोल्यांमधले स्विचबोर्ड मात्र साडेचार फुटांवर, ते सगळे बुडाले. अंगणात पाणी आलं तेव्हाच बाबांनी मेन पाडला होता.

काल खांबावरून लाइट आली. त्याआधी एका वायरमनने हॉल आणि स्वयंपाकघरातले बोर्ड उघडून सॉकेट-स्विच नवे घातले. तळमजल्याचे एमसीबी खालीच ठेवले आणि फक्त वरच्या मजल्याचा वर केला, कारण तिथे पाण्याचा थेंबही पोचलेला नाही. दिवे लागले. पंखा चालला. मग आईने ओले कपडे सुकवायला इस्त्री लावली आणि आरसीसीबी खाडकन पडला. इस्त्री काढली, वर केला, राहिला. शेजारच्या माडीवरून दुसरी इस्त्री आणली, तरी पडला. आणि रात्री आठच्या सुमाराला, आम्ही वरचासुद्धा एमसीबी पाडून जेवायला बसलो होतो, तेव्हा तो आपला आपण पडला.

वायरमन म्हणतो, "आरसीसीबीला दमट हवा लागलीय, तो काढून डायरेक्ट करून देतो, चार दिवस निघतील." बाबा थकलेत, ते हो म्हणतायत. मला ते पटत नाही, पण कारण सांगता येत नाही. नक्की बिघाड कुठे असेल?

---

सर्किट_पुणे · २९ जुलै, ९.४०

ताई, आरसीसीबी काढू देऊ नका, हे आधी.

मी इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. जी लाइन चालू केल्यावर पडतो ती लाइन लीक असते. म्हणजे फॉल्ट वरच्या मजल्यावरच आहे. भिंतीतून ओल वर चढली असेल आणि वरच्या प्लगपॉइंटच्या अर्थला लागली असेल. वरचा प्लगपॉइंट उघडून हेअर ड्रायरने वाळवा. खालच्या लाइनी तर बंदच आहेत, त्यांचा संबंध येत नाही. मल्टिमीटर असेल तर फेज आणि अर्थमधला रेझिस्टन्स बघा.

---

महाडकर_७ · २९ जुलै, १०.०५

आमच्याकडेही तसंच झालंय. माझा प्रश्न असा की मीटर आठ दिवस बंद होता तर त्या दिवसांचं बिल सरासरीने येतं का? आणि पंचनाम्यात फ्रिज, मिक्सर लिहून घेतात का? तलाठी येऊन गेले, पण त्यांनी फक्त घराचं विचारलं.

---

कृष्णाकाठची · २९ जुलै, १०.३०

महाडकर, बिलाचं वेगळं विचारा की हो, इथं बाईच्या घरात लाइट पडतीय.

ताई, आमचं घर सांगलीत. २०१९ ला आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या घरात ते आठवडाभर तुंबून होतं. आमचंही घर असंच "डायरेक्ट" करून दिलं होतं. पंधरा दिवसांनी फ्रिज लावला, थंड व्हायला लागला, आम्ही खूश. गणपतीच्या सुमाराला धाकटा अनवाणी पाण्याची बाटली काढायला गेला आणि दारालाच चिकटल्यासारखा झाला. सुदैवानं झटकन मागं पडला. मागं बघितलं तर कॉम्प्रेसरच्या अंगाला जो छोटा डबा असतो, जिथं वायरी येतात, त्यात गाळ तसाच भरलेला. कॉम्प्रेसर पक्का बंद असतो, त्याच्या आत पाणी जात नाही, म्हणून फ्रिज चालत होता. पण तो डबा कुणी उघडलाच नव्हता. तेव्हा डायरेक्ट अजिबात करू देऊ नका.

---

जुना_वायरमन · २९ जुलै, दुपारी १.१५

रत्नागिरीचा. पस्तीस वर्षं वायरिंग केलं, परवाना आहे, आता गुडघ्यांमुळे शिडी चढत नाही. ताई, तुम्ही सगळं बारकाईने लिहिलंत म्हणून इथे बसून सांगता येतंय. वरचा मजला निर्दोष आहे, इस्त्रीही निर्दोष आहे, आणि आरसीसीबी तर सगळ्यात निर्दोष आहे. बिघाड खालीच आहे, बंद करून ठेवलेल्या एखाद्या लाइनीत, आणि तो न्यूट्रलचा आहे.

सर्किट, तू म्हणतोस ते कोरड्या दिवसांत बरोबर. पण घरगुती पाटीतले एमसीबी बहुतेक एकपोली असतात. खटका खाली केला की फक्त फेज तुटते. न्यूट्रल तुटत नाही. सगळ्या खोल्यांचे न्यूट्रल पाटीतल्या एका पितळी पट्टीवर एकत्र आवळलेले असतात आणि ते तसेच जोडलेले राहतात. म्हणजे खालच्या लाइनी "बंद" असल्या तरी त्यांचे न्यूट्रल वरच्या मजल्याच्या न्यूट्रलला हात धरून उभे आहेत.

आता आरसीसीबी बघतो एवढंच, की फेजने जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलने परत आला का. ३० मिलिअँपियरची तूट दिसली की तो पडणारच. पुष्कळदा त्याच्या थोडा आधीच पडतो.

कोकणातल्या माणसाला हे शेतावर कळेल. बांधाला खेकड्याने बीळ पाडलेलं असतं. पाट बारीक वाहतो तोवर बिळातून काही जात नाही, पाणी आपल्या वाटेने जातं. पाट भरून वाहिला की त्यातलं थोडं बिळातून पलीकडच्या कुणग्यात उतरतं. तुमच्या खालच्या कुठल्यातरी न्यूट्रलला ओल्या गाळातून अर्थकडे असं बीळ पडलंय. ७५० वॅटची इस्त्री सव्वातीन अँपियरच्या आसपास ओढते. परत येताना त्यातला शंभरावा हिस्सा जरी बिळातून जमिनीत गेला तरी बत्तीस मिलिअँपियर झाले, आरसीसीबी पडला. पंखा इस्त्रीच्या दहाव्या हिश्श्याइतकाच करंट घेतो, त्याच्या शंभराव्या भागाने काही होत नाही. म्हणून तो चालला.

रात्री आठला का पडला, हे तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्या वेळी आळीतल्या घराघरांत दिवे, पंखे, शेगड्या लागतात. खांबावरच्या न्यूट्रलला भार आला की तो अर्थच्या मानाने एक-दोन व्होल्ट वर उचलला जातो. तुमच्या घरात एकही वस्तू चालू नसताना तेवढा दाब त्या बिळातून तीस मिलिअँपियर ढकलायला पुरतो. दमट हवेने खराब झालेला आरसीसीबी नेमका आठला पडत नाही.

---

सर्किट_पुणे · २९ जुलै, १.५०

काका, हे कॉलेजात असं कुणी सांगितलं नव्हतं. चूक मान्य. पण मग सगळे एमसीबी खाली असताना सकाळी तो टिकतो कसा?

---

जुना_वायरमन · २९ जुलै, २.२०

सकाळी आळीत भार कमी. दुसरं म्हणजे गाळ. पुराचा गाळ वाळला तरी मीठ आणि घाण धरून असतो. दुपारी कोरडा दिसतो, रात्री हवेतली ओल परत ओढून घेतो. म्हणून "काल टेस्टरने बघितलं, ठीक होतं" याला या दिवसांत अर्थ नाही. टेस्टर तर न्यूट्रलचा दोष दाखवतच नाही. न्यूट्रलवर तो पेटणार नाही आणि तुम्ही म्हणाल सगळं ठीक.

आता ताई, तुम्ही स्वतः पाटी उघडू नका. मेन पाडला तरी मेनच्या वरच्या बाजूला मीटरकडून येणाऱ्या वायरी जिवंतच असतात. परवाना असलेला आणि मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, असलेला माणूस बघा. ज्याच्याकडे मेगर नाही त्याने पूर आलेल्या घरात लाइट चालू करून देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मल्टिमीटर नऊ व्होल्टच्या सेलवर मोजतो, ओला जोड त्याला फसवतो, आकडा सारखा हलत राहतो. मेगर ५०० व्होल्टने ढकलून बघतो, त्याच्यापुढे लपत नाही.

त्याला एवढंच सांगा: मेन पाडून, प्रत्येक न्यूट्रल पट्टीवरून सुटा करून, एकेकाला अर्थशी मेगर लाव. फेजलाही तसंच. त्याआधी घरातले एलईडी, टीव्ही, चार्जर सगळं काढून ठेवा, नाहीतर मेगरचे ५०० व्होल्ट त्यातली इलेक्ट्रॉनिक्स मारतात. एक मेगोहमच्या खाली जी लाइन आली तिला लाइट द्यायची नाही.

---

खांबावरचा · २९ जुलै, रात्री ९.४५

मी लाइनमन आहे, कुठला ते सोडा. आठ दिवस चिखलात आहे, आत्ता जेवायला बसलो म्हणून लिहितो.

ताई, तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे का? असेल तर मेन पाडला म्हणजे घर बंद झालं असं समजू नका. मेगर लावायच्या आधी इन्व्हर्टर बंद आणि बॅटरीची एक वायर सुटी. हे विसरलं की वायरमनला त्याच घरातल्या घरात शॉक बसतो.

आणि सगळ्यांनाच हात जोडून विनंती. परवा एका गल्लीत जनरेटर आणला होता आणि दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करून घरातल्या सॉकेटमध्येच खुपसली होती. मेन वर होता. तो करंट मीटरमधून उलटा खांबावर येतो, आणि डीपीतून उलटा गेला की ११ हजार होतो. आम्ही वर लाइन मेली समजून हात घालतो. जनरेटर लावायचाच तर वस्तू थेट जनरेटरला लावा, घराच्या वायरिंगला नको.

मीटर बुडालेला असेल त्यांनी तो उघडू नका, १९१२ ला कळवा. तो बदलून द्यायचा आमचा विषय आहे.

---

पेठमापची_लेक · २९ जुलै, रात्री १०.२०

दादा, आधी जेवा. तुम्हा सगळ्यांमुळेच आळीत दिवे दिसतायत.

इन्व्हर्टर जिन्याखाली होता, बॅटरीसकट बुडाला. त्याच्या वायरी तशाच आहेत. उद्या कोणीही काहीही करण्याआधी बॅटरी सुटी करून घेते. बाबांना काकांचं सगळं वाचून दाखवलं. खेकड्याच्या बिळावर ते हसले आणि म्हणाले, "मग बीळ शोधू." डायरेक्टचा विषय संपला. सावर्ड्याहून मेगरवाले येणार आहेत.

---

कृष्णाकाठची · ३० जुलै, सकाळी ८.००

पंचनाम्याचं राहिलं म्हणून महाडकरांना सांगते. वस्तू उचलण्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ आणि वस्तू एकाच फोटोत येईल असे फोटो काढून ठेवा. घराचा विमा असेल तर त्यालाही तेच लागतं. आम्ही फ्रिज धुवून चकचकीत केला आणि मग फोटो काढला, काही उपयोग झाला नाही.

---

पेठमापची_लेक · ३१ जुलै, सायंकाळी ६.३०

बीळ सापडलं! सविस्तर लिहिते, कारण आळीतल्या तीन घरांत हाच त्रास आहे.

सावर्ड्याचे दादा मेगर घेऊन आले. आधी मेन पाडला, मग वरच्या मजल्याचे बल्बसुद्धा काढायला लावले. न्यूट्रल एकेक सुटा करून त्याला रंगीत चिकटपट्टीने खूण केली आणि मी वहीत लिहीत गेले. आकडे मेगोहममध्ये: वरचा मजला ५० च्या वर. हॉल १८. स्वयंपाकघर ६. बेडरूम ०.७. पंपाची लाइन चक्क शून्य.

पंपाचा एमसीबी तर पुराच्या दिवसापासून खालीच होता, आम्ही त्याचा विचारही केला नव्हता. पंप मागच्या अंगणात विहिरीजवळ आहे. दादांनी पंपाचा न्यूट्रल बाजूला ठेवून बाकीचे जोडले, बेडरूमचाही वेगळा ठेवला, आणि वरच्या मजल्यावर इस्त्री लावायला सांगितली. दहा मिनिटं इस्त्री चालू ठेवली. आरसीसीबी हलला नाही. आई रडायलाच लागली.

मग पंपाच्या वायरीचा माग काढला. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीवर, माझ्या गुडघ्याइतक्या उंचीवर एक प्लॅस्टिकचा जोडडबा आहे. बाहेरून धुतलेला, स्वच्छ. स्क्रू काढल्यावर आत काठोकाठ गाळ, चहाच्या चोथ्यासारखा, आणि अजून ओला. त्यात तीन जोड नुसते पिळून काळी टेप गुंडाळलेले. टेप सोडली तर तांबं हिरवं पडलेलं, आणि न्यूट्रल व अर्थ या दोन जोडांच्या मधे गाळाची एक सलग पट्टीच तयार झालेली. बाबा बघत राहिले. हा डबा त्यांनीच बसवून घेतला होता.

दादांनी दोन्ही बाजूंनी हिरवं तांबं संपेपर्यंत, जवळजवळ वीतभर वायर कापून टाकली, डबा छातीच्या उंचीवर नेला आणि स्क्रूच्या कनेक्टरने जोडलं. परत मेगर: मोटार सुटी करून १५. मोटार जोडून ०.१. म्हणजे मोटारीतही पाणी आहे. बेडरूमचं उद्या बघणार.

---

जुना_वायरमन · ३१ जुलै, रात्री ८.१०

शाब्बास. वही जपून ठेवा. तीन महिन्यांनी तेच आकडे परत घ्यायचे आहेत.

मोटार दोन दिवसांत लावायची घाई नको. ती उघडायला सांगा आणि आधी गोड्या पाण्याने धुवा. लोक दचकतात, पण ओल वाळते, गाळ वाळत नाही. गुंडाळ्यांच्या बेचक्यात गाळ राहिला तर मोटार महिनाभर चालेल आणि मग जळेल. धुतल्यावर वाळवायची. आपल्याकडे जुलैत ऊन कुठलं? आम्ही पत्र्याच्या डब्यात मोटारीशेजारी १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब पेटवून ठेवायचो, वर ओल जायला फट सोडायची. बल्ब गुंडाळीला चिकटता कामा नये, पुठ्ठ्याचा खोका वापरायचा नाही, आणि घरात कोणी नसताना हे चालू ठेवायचं नाही. बेअरिंग मात्र नवीनच घाला. सकाळ-संध्याकाळ मेगर लावा. आकडा आधी थोडा खाली जातो, घाबरू नका, आतली ओल तापून बाहेर येत असते. मग चढायला लागतो. चढून एका जागी थांबला आणि एकच्या चांगला वर असला की लावायची. चढलाच नाही तर रिवाइंडिंग.

---

सर्किट_पुणे · ३१ जुलै, ८.४०

काका, बुडालेल्या स्विच आणि एमसीबीचंही असंच धुवून-वाळवून चालेल का? बाजारात ओल उडवायचा स्प्रे मिळतो. माझ्या मामाने खेर्डीला दुकानातले सगळे एमसीबी स्प्रे मारून परत लावलेत, खटका व्यवस्थित वाजतो.

---

जुना_वायरमन · ३१ जुलै, ९.००

नाही. मामांना आजच सांग. खटका वाजणं म्हणजे बोटाने वर-खाली होणं. एमसीबीचं खरं काम आहे शॉर्ट झाल्यावर क्षणात स्वतःहून सुटणं, आणि त्याची स्प्रिंग, पट्टी, कॉन्टॅक्ट सगळं बंद पेटीत आहे, तिथला गाळ तुला दिसत नाही, स्प्रेने निघत नाही. तो अडकला की वायर जळेल पण एमसीबी वरच राहील. बुडालेला एमसीबी, आरसीसीबी, स्विच, सॉकेट, होल्डर, एक्स्टेन्शन बोर्ड, चार्जर: हे सगळं टाकून द्यायचं. यात मी कधी तडजोड केली नाही.

---

पेठमापची_लेक · ४ ऑगस्ट, सकाळी ११.००

बेडरूमचं अर्धंच सुटलंय. ०.७ येत होतं तिथे कपाटामागे एक जुना सॉकेट निघाला, कोणाच्या लक्षातच नव्हता. तो काढून वायरीची टोकं बोटभर कापल्यावर आकडा १.१ झाला. त्याच्या वर जात नाही. बेडरूमचं वायरिंग भिंतीतल्या पाइपातून आहे आणि पाइपाची वाकण जमिनीपासून फूटभरावर. दादांना वाटतं वाकणात पाणी साठलंय.

मोटार: धुतल्यावर ०.०५, दुसऱ्या दिवशी ०.४, काल रात्री २.३, आज सकाळीही २.३.

---

गोवळकोट_रोड · ४ ऑगस्ट, दुपारी १२.१५

मी बांधकामातला माणूस. कन्सील वायरिंग बुडलं की सगळी वायर ओढून नवी टाकायची, बाकी चर्चा कशाला? १.१ म्हणजे काठावर पास. आम्ही आमच्या दोन्ही साइट्सवर सगळं बदललं.

---

जुना_वायरमन · ४ ऑगस्ट, १.३०

पैसे असतील तर कोणी नाही म्हणणार नाही. पण चांगली पीव्हीसी वायर मधेच कुठे सोलवटलेली नसेल तर दोन दिवस पाण्यात राहून खराब होत नाही. खराब होतात टोकं आणि जोड. ताईंचा हॉल १८ आलाय, तिथली वायर काढून फेकायला मी सांगणार नाही. बेडरूमचं मात्र मलाही ठामपणे सांगता येत नाही. वाकणातलं पाणी असेल तर हवेच्या कंप्रेसरने निघेल. वायर कुठेतरी सोललेली असेल तर ओढूनच काढावी लागेल. दोन्हींमधला फरक आकडाच सांगेल: वाळल्यावर चढला तर पाणी होतं, नाही चढला तर वायर.

---

गोवळकोट_रोड · ४ ऑगस्ट, २.००

आणि तोवर तिथे माणसं झोपणार? मला नाही पटत.

---

खांबावरचा · ४ ऑगस्ट, रात्री १०.३०

मधला मार्ग आहे. बेडरूमचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही सुटे करून टोकं झाकून ठेवा. नुसता एमसीबी खाली नको, ते तर या धाग्यात सगळ्यांनीच बघितलं. पंखा हवा असेल तर दुसऱ्या खोलीतल्या चांगल्या पॉइंटवरून स्टँडचा लावा.

---

महाडकर_७ · ५ ऑगस्ट, सकाळी ९.२०

कृष्णाकाठच्या ताई, फोटोंबद्दल आभार. आमचं वॉशिंग मशीन धुवून झालं होतं पण रेघ भिंतीवर अजून होती. एक प्रश्न, या वेळी विषयातला: मशीन चालू करून बघू का? वरून कोरडं आहे.

---

कृष्णाकाठची · ५ ऑगस्ट, १०.००

नका हो. मोटार अगदी खाली असते, पाणी पहिलं तिथंच शिरतं. मागचं पत्र्याचं झाकण काढून कंपनीच्या माणसाला दाखवा. आमच्या मशीनचं कंट्रोल कार्ड बदलावं लागलं, मोटार धुवून वाळवून चालली. शेजारणीचं उलटं झालं. मिक्सर मात्र दोघींचेही वाचले, आठ दिवस उघडे ठेवून.

---

जुना_वायरमन · ५ ऑगस्ट, १०.४०

आणि महाडकर, दुरुस्त झाल्यावर पहिल्यांदा लावाल तेव्हा ज्या सॉकेटमागे आरसीसीबी आहे तिथेच लावा, पायात रबरी चप्पल, आणि मशीनच्या पत्र्याला उघडा हात नको. पडला तर मशीन परत उघडायचं, आरसीसीबीशी भांडायचं नाही.

---

पेठमापची_लेक · ६ सप्टेंबर, सायंकाळी ७.१५

महिनाभराने कळवते आहे. आळीतल्या त्या तीन घरांपैकी दोन घरांत बीळ असंच अंगणातल्या लाइनीत सापडलं, एकाचं गेटच्या दिव्यात, एकाचं गोठ्यात. तिसऱ्यांनी डायरेक्ट करून घेतलं होतं. बाबा स्वतः जाऊन त्यांच्याशी बोलले, दादांनी काल तिथे नवीन आरसीसीबी बसवला. तो पडतो आहे. शोध चालू आहे.

पंप चालू आहे. हॉल १८ चा २५ झाला.

बेडरूमला ऑगस्टच्या शेवटी कंप्रेसर मारला, पेलाभर गढूळ पाणी निघालं. त्यानंतर उघडीप होती तेव्हा आकडा ३ आला होता. मग दोन दिवस पाऊस लागला, आज परत मोजला तर १.४. काका, हे पाणी की वायर? चार दिवसांवर गणपती आहेत. मूर्ती हॉलमध्येच बसते आणि माळा हॉलच्या नव्या सॉकेटवर लावणार आहोत. बेडरूमच्या दोन्ही वायरी सुट्या आहेत, टोकांना लाल पट्टी आहे.

---

जुना_वायरमन · ६ सप्टेंबर, रात्री ८.००

पावसाबरोबर खाली येतो म्हणजे बाहेरच्या भिंतीतून अजून ओल येतेय आणि वायरीला ती शिरायला कुठेतरी वाट आहे. दोन्ही आहे, ताई. लाल पट्टी तशीच राहू दे. दसऱ्यानंतर भिंत वाळली की वायर ओढून बघू, मीही येईन, शिडी दादांनी चढायची. वही तयार ठेवा.